हजेरी कमी पडली, म्हणून शीट ‘बनवून’ मागितली तर काय करावं

सत्र संपायला पाच आठवडे उरले की कॉलेजच्या नोटीस बोर्डावर कमी हजेरीवाल्यांची यादी लागते, आणि त्याच संध्याकाळी वर्गप्रतिनिधीचा फोन वाजतो. ‘शीट तुझ्याकडेच असते ना? माझ्या तेवढ्या सह्या घाल.’ किंवा ‘डिटीपीवाल्याकडून नवी शीट काढू, सरांची सही मी बघतो.’

उत्तर नाही असंच द्यायचं, पण तोंड फिरवून नाही. असं म्हणता येईल: ‘मागाहून कोणाचीच सही घेत नाही, माझी स्वतःचीसुद्धा नाही. पण तुझा अर्ज आज बसून लिहू. विषयवार आकडे घेऊन ये.’ सोबत दुसरं काम देऊन दिलेला नकार मित्रालाही पचतो.

बनावट शीट पकडली जाते ती हस्ताक्षरावरून कमी, बेरजेवरून जास्त. बहुतेक शिक्षक शीट गोळा करताना डोकी मोजून खाली आकडा लिहितात. त्या दिवशी आकडा 41 आणि सह्या 42 असतील, तर एक सही कुठून आली हे विचारावंच लागतं. शिवाय तासाची नोंद शिक्षकाच्या डायरीत वेगळी असते. सर रजेवर असल्याने तास झालाच नाही, त्या तारखेला नव्या शीटवर पूर्ण वर्ग हजर दिसतो, आणि मग एका मुलासाठी बनवलेली शीट चाळीस जणांना चौकशीला बसवते. बनावट दस्तऐवज करणं आणि तो खरा म्हणून वापरणं यांना भारतीय न्याय संहितेत कलम 336 आणि 340 आहेत. कॉलेजची शिस्त समिती त्याच्या कितीतरी आधी गाठते, आणि ज्या मुलाला दोन तासांची सवलत सहज मिळाली असती त्याच्या अर्जाकडे मग कोणी बघत नाही.

आता खरी वाट. डिचोलीहून बसने येणारा, बी.कॉम. दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी घेऊ. अर्थशास्त्राचे आठवड्याला 4 तास, पंधरा आठवड्यांत 60. कॉलेजची अट प्रत्येक विषयात 75 टक्के, म्हणजे 45 तास. दहा आठवड्यांत 40 तास झाले, त्यातले 26 त्याचे. हजेरी 65 टक्के. राहिलेल्या 20 पैकी 19 तासांना बसला तरच तो 45 वर पोचतो. एवढा हिशोब समोर आल्यावर मुलं घाबरतात आणि शीटचा विचार डोक्यात येतो. पण चुकलेले 14 तास सगळे एका जातीचे नसतात, ते आधी वेगळे करायचे.

कार्यालयातून विषयवार, तारीखवार नोंद मागून घ्या. ‘एकूण 65 टक्के’ एवढ्यावर काही करता येत नाही. या मुलाच्या 14 तासांत 3 एनएसएसच्या शिबिराचे निघाले, 8 डेंग्यूचे आणि 3 चवथीचे. सुट्टी संपल्यावरही घरी राहिला, त्याचे.

शिबिराचे 3 तास ही सवलत नाही, दुरुस्ती आहे. कॉलेजने पाठवलेल्या शिबिराचे, एनसीसी परेडचे किंवा आंतरमहाविद्यालयीन सामन्याचे तास बऱ्याच कॉलेजांत हजर धरतात. मात्र कार्यक्रम अधिकाऱ्याची यादी कार्यालयात पोचलेली असावी लागते आणि ती पुष्कळदा त्यांच्या टेबलावरच राहिलेली असते. अधिकाऱ्यांकडून तारखा घातलेलं पत्र घ्या आणि विषय-शिक्षकांकडे द्या. हे 3 जमा झाले की 26 चे 29 होतात, आणि 20 पैकी 19 ऐवजी 16 तास पुरतात. प्रॅक्टिकलची बॅच बदललेल्यांची आणि उशिरा प्रवेश घेतलेल्यांची नोंदही याच टप्प्यावर तपासावी. चुका तिथेच जास्त असतात.

डेंग्यूचे 8 तास वेगळे. मेडिकल सर्टिफिकेट दिलं की गैरहजेरी हजेरी होते असा सार्वत्रिक समज आहे, पण सहसा तसं होत नाही. तास गैरहजरच राहतात. प्राचार्यांना कमी पडलेली हजेरी माफ करण्यासाठी कारण मिळतं, एवढंच, आणि तेही नियमात दिलेल्या मर्यादेपर्यंत. ती मर्यादा आणि अर्जाची मुदत माहितीपुस्तिकेतल्या हजेरीच्या पानावर वाचून घ्या.

कागद कमी पडतात ते इथे. बांबोळीला किंवा म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात पाच दिवस दाखल असाल, तर डिस्चार्ज कार्ड त्या पाचच दिवसांचं बोलतं. घरी अशक्तपणात काढलेल्या पुढच्या दिवसांना ते पुरत नाही. डिस्चार्जच्या वेळीच ‘इतक्या तारखेपर्यंत विश्रांती’ असं लिहून घ्यावं. ते राहून गेलं असेल तर फेरतपासणीचा केसपेपर आणि रक्ताचे तारीखवार रिपोर्ट जोडावेत. महिन्याने ओळखीच्या डॉक्टरकडून मागची तारीख घालून आणलेलं सर्टिफिकेट ही शीटचीच दुसरी आवृत्ती. त्यालाही नाहीच म्हणायचं. दवाखान्याच्या रजिस्टरात त्या दिवशी नाव नसतं.

चवथीच्या 3 तासांना कारण नाही. ते अर्जात घालू नका आणि लपवूही नका.

पुढच्या पाच आठवड्यांत हा मुलगा 20 पैकी 14 तासांना बसला असं समजा. 29 अधिक 14 म्हणजे 43. साठात 71.67 टक्के. कमी पडले फक्त 2 तास. अर्जात मागायचे ते हे 2, आजाराचे सगळे 8 नव्हेत. ‘सर्व गैरहजेरी माफ करावी’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला हिशोब स्वतः करावा लागतो, आणि यादीत असे साठ अर्ज असतात.

अर्ज इंग्रजीत द्यायचा असला तरी मजकूर एवढाच असावा:

‘अर्थशास्त्र विषयात 60 पैकी 43 तास हजर आहे (शिबिराचे 3 तास धरून). आवश्यक 45. डेंग्यूमुळे अमुक ते अमुक तारखेपर्यंत 8 तास चुकले. डिस्चार्ज कार्ड व विश्रांतीचा सल्ला सोबत आहे. 2 तासांची कमतरता माफ करून परीक्षेस बसू द्यावे ही विनंती. उरलेले तास वैयक्तिक कारणाने चुकले, त्यांसाठी सवलत मागत नाही.’

शेवटचं वाक्य मुलांना नको असतं. माझ्या मते अर्जाला वजन त्यानेच येतं.

अर्ज वर्गशिक्षकांच्या शेऱ्यासह प्राचार्यांच्या नावे द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो आवकमध्ये चढत नाही. आजाराचा कागद यादी लागेपर्यंत ठेवायचा नसतो. परत वर्गात आल्याच्या आठवड्यातच द्यावा.

रात्री कळंगुटला हॉटेलात काम, सकाळची बस चुकणं ही कारणं खरी असली तरी माफीच्या नियमात सहसा बसत नाहीत. अशा वेळी वर्गशिक्षकांशी लवकर बोलून उरलेले तास भरणं एवढाच उपाय उरतो. गरोदरपण आणि बाळंतपणासाठी मात्र वेगळी वाट आहे. हजेरीत सूट देणारे नियम करावेत असं यूजीसीने 2021 च्या डिसेंबरमध्ये विद्यापीठांना कळवलं आहे. अर्जात त्याचा उल्लेख करावा.

नकार आला तर कारण लेखी मागा. नियमाची मर्यादा ओलांडली म्हणून नकार असेल तर प्राचार्यांच्या हातात फारसं काही नसतं, ते सत्र पुन्हा करावं लागतं. कागद न बघताच नाकारलं किंवा शिबिराचे तास जमाच केले नाहीत, तर विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जाता येतं. यूजीसीच्या 2023 च्या नियमांनुसार ती प्रत्येक कॉलेजात असायला हवी आणि तिने शक्यतो 15 कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. त्यावर विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं. परीक्षा मात्र कोणासाठी थांबत नाही, तेव्हा तक्रार हॉल तिकिटाच्या आदल्या दिवशी नव्हे, नकार मिळाल्याच्या दिवशीच टाकावी. सोबत ती शिक्का मारलेली प्रत जोडावी.