नॉनस्टिक तवा रिकामा तापत ठेवू नका, धिरडी-डोसे करताना आच कशी सांभाळायची ते बघा

आपल्याकडं सांगलीत आता बहुतेक घरात दोन तवे असतात. एक लोखंडी, शाळूच्या भाकरीचा, आणि दुसरा नॉनस्टिक, धिरडी, डोसे, आम्लेट याच्यासाठी. अडचण अशी होते की हात भाकरीच्या तव्याला सरावलेला असतो, म्हणजे तवा गॅसवर ठेवायचा, आच फुल्ल करायची, चांगला सणसणीत तापू द्यायचा आणि तोवर पीठ मळून घ्यायचं. लोखंडाला हे चालतं. नॉनस्टिकला तीच सवय लावली तर तवा तर खराब होतोच, पण त्यातून निघणारा धूर घरातल्या माणसांना आणि विशेष करून पक्ष्यांना वाईट असतो.

नेहमीच्या काळ्या नॉनस्टिकवर जो थर असतो तो पीटीएफई नावाच्या प्लास्टिकचा, टेफ्लॉन म्हणून आपण जे ओळखतो तेच. हा थर साधारण 260 अंश सेल्सिअसपर्यंत नीट टिकतो. त्याच्या वर हळूहळू बिघडायला लागतो, 327 ला वितळतो आणि 350 च्या पुढं त्याचं विघटन चांगलंच जोरात होऊन त्यातून त्रासदायक वायू आणि अगदी बारीक कण बाहेर पडतात. धिरडं किंवा डोसा भाजायला तवा 180 ते 200 च्या आसपास असला की पुरतं, म्हणजे स्वयंपाकासाठी या मर्यादेच्या जवळ जायची गरजच नाही.

पण रिकामा तवा तिथं किती लवकर पोचतो याचा अंदाज फार कमी लोकांना असतो, म्हणून एक हिशोब मांडून बघू. समजा तवा अॅल्युमिनियमचा, 700 ग्रॅमचा आहे. तो घरातल्या 25-30 अंशावरून 260 ला न्यायला साधारण 145 किलोज्यूल उष्णता लागते. मोठा बर्नर फुल्ल असताना भांड्यात प्रत्यक्षात उतरते ती उष्णता एक किलोवॅट धरली, म्हणजे दर सेकंदाला एक किलोज्यूल, तर 145 सेकंद झाले. थोडी उष्णता हवेत जाते ती धरून जेमतेम तीन मिनिटं. दारात दूधवाला आला, त्याच्याशी हिशोबाचं दोन शब्द बोलून परत आलात की तवा मर्यादेला टेकलेला असतो, आणि हलका पातळ तवा असेल तर त्याच्याही आधी.

आता त्याच तव्याऐवजी भांड्यात अर्धा लिटर पाणी असतं तर तेवढ्याच उष्णतेत ते पाणी कसंबसं उकळीला आलं असतं, आणि पाणी आहे तोवर भांड्याचा तळ 100 च्या फार वर जात नाही. पिठाचं, भाजीचं पण तेच, त्यातलं पाणी वाफ होताना उष्णता ओढून घेतं. रिकाम्या तव्यात उष्णता घ्यायला कुणीच नसतं म्हणून सगळी त्या थराला लागते. प्रश्न नुसत्या मोठ्या आचेचा नाही, मोठी आच आणि रिकामं भांडं हे दोन्ही एकत्र आले की घोटाळा होतो.

मग तवा तापवायचा कसा? आधी पिठाचं भांडं, पळी, तेल, उलथनं सगळं गॅसशेजारी आणून ठेवा, पीठ पातळ करायचं असेल तर तेही करून घ्या आणि मगच गॅस पेटवा, अर्धी काळजी इथंच मिटते. शक्यतो लहान बर्नर घ्या, आणि मोठ्यावर करायचं झालं तर ज्योत तव्याच्या बुडाच्या बाहेर येता कामा नये. गॅस पेटवायच्या आधीच अर्धा चमचा तेल तव्यावर टाकून अर्ध्या कांद्यानं किंवा फडक्यानं पसरा. आच मध्यम किंवा त्याच्याही खाली ठेवा आणि दोन-तीन मिनिटं थांबा, पण तव्यापुढून हलू नका.

तवा तापला का हे बघायला आपण पाणी शिंपडतो, पण नॉनस्टिकवर पाण्याचे थेंब गार तव्यावरही गोल होऊन पळतात, त्यामुळं थेंब पळाला म्हणजे तवा तापला असं समजू नका. कान द्या. थेंब पडल्या पडल्या चर्र होऊन लगेच आटला की तवा तयार. नुसताच बसून राहिला तर अजून थोडा वेळ द्या.

तेल हा आणखी एक चांगला इशारा आहे. रिफाइंड शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेलाला साधारण 230 च्या आसपास धूर यायला लागतो, म्हणजे 260 च्या थोडं आधी. रिफाइंड तेलातून धूर दिसला की गॅस बंद करून तवा बाजूला घ्या. घाण्याचं तेल मात्र खूप आधी, 160 च्या आसपासच धुरायला लागतं, आणि आपल्याकडं घाण्याचं तेल बऱ्याच घरात असतं. त्याचा पहिला धूर दिसला म्हणून घाबरायचं काही नाही, आच तेवढी कमी करा. तेलच नसेल तर मात्र हा इशाराही नसतो आणि तवा कुठं पोचलाय ते डोळ्याला काही कळत नाही, म्हणून थेंबभर का होईना तेल हवंच.

दोन धिरड्यांच्या मध्ये पण तवा रिकामाच असतो हे विसरायला होतं. खाणारे टेबलावर येईपर्यंत थांबायचं असेल तर गॅस बंदच करा. इंडक्शनवर हे सगळं आणखी भराभर होतं, तिथं सुरुवात कमी सेटिंगवरच करा. आणि शेंगदाणे, खोबरं, सुक्या मिरच्या भाजणं, पापड भाजणं, भाकरी, ही कोरडी कामं लोखंडी तव्याचीच आहेत, नॉनस्टिकवर करूच नका.

एवढं करूनही कधी तवा राहिलाच फुल्ल गॅसवर, तर आधी गॅस बंद करा, खिडक्या उघडा, एक्झॉस्ट फॅन लावा आणि सगळ्यांनी स्वयंपाकघरातून बाहेर या. घरात पोपट, लव्हबर्ड असतील तर पिंजरा ताबडतोब बाहेर न्या, पक्ष्यांची फुप्फुसं या धुराला इतकी नाजूक असतात की ते लगेच मरू शकतात. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतू नका, बूड वाकडं होतं, मग मध्ये फुगवटा येऊन तेल कडेला जातं आणि धिरडं मधेच करपतं. तवा आहे तिथंच गार होऊ द्या. धूर श्वासात गेला असेल तर काही तासांनी फ्लू झाल्यासारखं वाटतं, म्हणजे ताप, थंडी, खोकला, छाती जड होणं, आणि बहुतेकांना एक-दोन दिवसांत बरं वाटतं. पण धाप लागत असेल तर वाट न बघता डॉक्टरकडं जा आणि तवा जळला होता हे त्यांना आवर्जून सांगा, नाहीतर साधा ताप म्हणूनच बघितलं जातं.

बऱ्याच जणांना वाटतं की पीएफओए फ्री लिहिलेला तवा घेतला की हे सगळं लागू नाही. तसं नाही. पीएफओए हे थर बनवताना वापरलं जाणारं रसायन होतं, ते काढलं तरी वरचा थर पीटीएफईचाच असेल तर त्याची मर्यादा तीच राहते.

तवा गार झाला की उजेडात धरून नीट बघा. नुसता तपकिरी चिकट थर असेल तर ते बहुतेक जळकं तेल असतं, खायचा सोडा आणि कोमट पाण्याची पेस्ट लावून मऊ स्पंजनं काढा, तारेची घासणी नको. पण थर फुगलाय, खरखरीत झालाय, पापुद्रे सुटायला लागलेत किंवा खालचा धातू दिसतोय असं असेल तर तो तवा भंगारात द्या. एखादा बारीक तुकडा पोटात गेलाच तर तो न पचता तसाच बाहेर पडतो, त्याची भीती नको, पण अशा तव्यावर पुन्हा स्वयंपाक करू नका.