सर्व्हेअरचा रिपोर्ट वाचताना या चुका टाळा: स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, म्हणजे ओडी क्लेममधला घसारा नीट तपासा

समजा, उसाच्या हंगामात केज-अंबाजोगाई रस्त्यावर रात्री पुढे चाललेली ट्रॉली दिसली नाही. तिला मागे ना रिफ्लेक्टर, ना दिवा. कार तिच्यावर आदळली आणि समोरची बाजू चेपली. गॅरेजचे बिल झाले 64,900 रुपये, विमा कंपनीने मंजूर केले 50,892. उरलेल्या 14,008 रुपयांबद्दल विचारले की काउंटरवरून एकच उत्तर येते, "साहेब, ते डेप्रिसिएशनमध्ये गेले." बहुतेक लोक तिथेच पैसे भरून गाडी घेऊन जातात.

पहिली चूक इथेच होते. कमी मिळालेला प्रत्येक रुपया डेप्रिसिएशनमध्ये, म्हणजे पार्ट जुना झाल्याबद्दल कापल्या जाणाऱ्या घसाऱ्यात गेलेला नसतो. विम्यासाठी नुकसान तपासणारा सर्व्हेअर चार वेगवेगळ्या ठिकाणी रक्कम कमी करू शकतो. गॅरेजने लावलेली किंमत जास्त वाटली तर तो ती कमी करतो. एखादा पार्ट या अपघातातला नाही असे वाटले तर तो नामंजूर करतो, किंवा बदलण्याऐवजी दुरुस्तीच मंजूर करतो. त्यानंतर घसारा लागतो. शेवटी सक्तीची वजावट, म्हणजे क्लेममध्ये मालकाने स्वतः सोसायची ठरावीक रक्कम, आणि भंगाराची किंमत जाते. दाद कुठे आणि कशी मागायची हे यावरच ठरते. नामंजूर पार्टसाठी फोटो आणि अपघाताचे वर्णन लागते, घसाऱ्यासाठी फक्त पॉलिसीतला तक्ता पुरतो. म्हणून तोंडी उत्तरावर थांबू नका, कंपनीकडे सर्व्हे रिपोर्टची प्रत लेखी मागा. गॅरेजने मागितलेले एस्टिमेट आणि सर्व्हेअरने धरलेले असेसमेंट हे दोन रकाने शेजारी ठेवून एकेका पार्टवर बोट ठेवत वाचा.

आता घसारा. गाडीची दुरुस्ती होणार असेल तर प्रमाणित पॉलिसीत तो पार्ट कशाचा आहे यावर ठरतो. रबर, नायलॉन, प्लास्टिक, टायर-ट्यूब, बॅटरी आणि एअरबॅग यांवर 50 टक्के. फायबरग्लासवर 30 टक्के. काचेवर शून्य. या तिन्हींसाठी गाडीचे वय पाहत नाहीत, म्हणजे महिनाभरापूर्वी घेतलेल्या गाडीचाही बंपर तुटला तर निम्मी किंमत कापली जाते. बाकीच्या, म्हणजे मुख्यतः पत्र्याच्या आणि धातूच्या पार्टना मात्र वय लागू होते: सहा महिन्यांपर्यंत काही नाही, एक वर्षापर्यंत 5, दोनपर्यंत 10, तीनपर्यंत 15, चारपर्यंत 25, पाचपर्यंत 35, दहापर्यंत 40 आणि त्यापुढे 50 टक्के.

वरच्या उदाहरणातली गाडी फेब्रुवारी 2023 मध्ये नोंदलेली आणि अपघात जानेवारी 2026 चा असे धरू. गाडीला तीन वर्षे पूर्ण झालेली नाहीत, म्हणून धातूला 15 टक्के. बंपर 6,000 आणि हेडलाइट 8,000, दोन्ही प्लास्टिकमध्ये, म्हणून 7,000 गेले. बोनेट 10,000 आणि फेंडर 4,000, दोन्ही पत्र्याचे, म्हणून 2,100 गेले. समोरची काच 7,000 ची, तिच्यातून काहीच जायला नको. एकूण 35,000 च्या पार्टपैकी 25,900 मंजूर.

वय कोणत्या तारखेला मोजले?

गाडीचे वय अपघाताच्या दिवशी मोजायचे असते. पार्ट यायला उशीर झाला आणि बिल मार्चमध्ये बनले तरी हिशेब जानेवारीचाच. इथे चुकून चौथ्या वर्षाचा दर लागला तर 15 चे 25 टक्के होतात आणि या छोट्या बिलातही जीएसटीसह 1,652 रुपये जादा कापले जातात. आरसीवरची नोंदणीची तारीख आणि रिपोर्टच्या पहिल्या पानावरची अपघाताची तारीख, एवढ्या दोनच गोष्टी जुळवून पाहायच्या आहेत. ज्यांच्या गाडीचा वाढदिवस अपघाताच्या आसपास येतो त्यांनी हे आवर्जून करावे.

रंगकामावर निम्मी रक्कम कापली आहे का?

माझ्या मते सगळ्यात जास्त लक्ष इथे द्यायला हवे. "पेंटवर पन्नास टक्के" हे वाक्य गॅरेजमध्ये सर्रास ऐकू येते, आणि ते अर्धेच खरे आहे. 50 टक्के घसारा रंगाच्या साहित्यावर आहे, रंगाऱ्याच्या मजुरीवर नाही. साहित्य आणि मजुरी वेगळी न दाखवता बिल एकत्रच असेल तर एकूण रकमेचा 25 टक्के भाग साहित्य धरायचा आणि त्याच्या निम्मे कापायचे. आपल्या उदाहरणात रंगकाम 12,000 चे. साहित्य 3,000, घसारा 1,500, मंजूर 10,500. कोणी सरसकट निम्मे कापून 6,000 च मंजूर केले तर जीएसटी धरून तुमचे 5,310 रुपये विनाकारण जातात. डेंटिंग आणि फिटिंगच्या मजुरीवर तर घसारा लागतच नाही. उदाहरणातले मजुरीचे 8,000 पूर्ण मिळतात.

पार्ट 25,900, रंग 10,500 आणि मजुरी 8,000 मिळून 44,400. त्यावर 18 टक्के जीएसटी धरला की 52,392. 1500 सीसीपर्यंतच्या खासगी कारला 1,000 रुपयांची सक्तीची वजावट आहे, आणि जुन्या पत्र्याचे 500 धरले, म्हणून 50,892. या उदाहरणात कंपनीचा आकडा बरोबर निघाला. तुमच्या रिपोर्टमध्ये तसा निघेलच असे नाही.

काचेचे एक वेगळेच. समोरची काच धातूच्या रकान्यात टाइप होणे ही साधी चूक आहे, पण पैसे तुमचे जातात. तिच्याभोवतीचे रबर मात्र रबरच असते, त्यावर 50 टक्के लागणे योग्यच. हेडलाइटची पुढची बाजू काचेसारखी दिसते म्हणून ती काचेत धरा असा आग्रह धरू नका. आजच्या बहुतेक गाड्यांत ती प्लास्टिकचीच असते.

आणखी एक गोंधळ आयडीव्हीच्या, म्हणजे गाडीच्या विमामूल्याच्या तक्त्याचा. त्यात दोन ते तीन वर्षांच्या गाडीला 30 टक्के घसारा दिसतो, तो पाहून लोक घाबरतात किंवा दोनदा कापले म्हणून भांडतात. तो तक्ता गाडीचे विमामूल्य ठरवण्यासाठी आहे. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांपुढे गेला आणि गाडी टोटल लॉसमध्ये गेली, तर हिशेब आयडीव्हीवर होतो आणि पार्टनिहाय घसारा लागत नाही.

घसारा न कापण्याचे झिरो डेप हे अॅड-ऑन घेतलेल्यांनी रिपोर्टमध्ये घसाऱ्याचा रकाना कोरा आहे का, एवढे आधी पाहावे. सक्तीची वजावट त्यातही जातेच. टायर, बॅटरी आणि वर्षाला किती क्लेम चालतील याच्या अटी कंपनीगणिक वेगळ्या असतात, त्या अॅड-ऑनच्या पानावर वाचाव्यात.

रिपोर्टमध्ये एखाद्या पार्टपुढे "केप्ट ओपन" असे असेल तर तो नामंजूर झालेला नाही. गाडी खोलल्यावर ठरवू, असा त्याचा अर्थ. रेडिएटरच्या मागचे नुकसान असेच नंतर दिसते. तो पार्ट सर्व्हेअरला दाखवण्याआधी बदलून जुना भंगारात देऊ नका, नाहीतर तो दाखवायला काहीच उरत नाही.

चूक सापडली तर "पैसे कमी दिले" असा मोघम अर्ज करू नका. "रंगकाम एकत्रित बिलाचे आहे, साहित्य 25 टक्के धरून त्यावर घसारा लावावा, फरक 5,310 रुपये" असे पार्टचे नाव, लावलेला दर, योग्य दर आणि फरक लिहून कंपनीच्या तक्रार विभागाला ईमेल करा. महिनाभरात समाधानकारक उत्तर आले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. मराठवाड्यासाठी ते कार्यालय पुण्यात आहे, तक्रारीला फी नाही आणि वकीलही लागत नाही. कंपनीने लेखी नकार दिला असेल तर त्यानंतर एक वर्षाच्या आत तक्रार करावी लागते, म्हणून तो ईमेल आणि सर्व्हे रिपोर्टची प्रत एकत्रच ठेवा.