टू-स्टेप चालू केलंत, पण बॅकअप कोड कुठे ठेवलेत? या चुका टाळा

जीमेलचं टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी दुसरी पायरी, चालू करायला पाच मिनिटंही लागत नाहीत. लोक अडकतात ते नंतर, फोन हरवल्यावर. तेव्हा मला फोन येतो आणि मी पहिला प्रश्न विचारतो, "बॅकअप कोड कुठे ठेवलेत?" उत्तर ठरलेलं: "आहेत ना, फोनमध्येच स्क्रीनशॉट काढून ठेवलाय."

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. कुलपाची किल्ली त्याच कपाटात टाकून दार लावून घेण्यासारखं आहे हे. गुगल एका वेळी दहा कोड देतं, प्रत्येक आठ आकडी आणि एकदाच चालणारा. ते फोन हरवला तरी आत शिरता यावं म्हणूनच असतात. स्क्रीनशॉट फोनबरोबर जातो. त्याची प्रत गुगल फोटोजमध्ये किंवा ड्राइव्हवर असली, तरी तिथे पोचायला आधी त्याच खात्यात लॉगिन करावं लागतं. स्वतःलाच मेल करून ठेवणारेही याच रांगेत.

आमच्या ओळखीत लग्नपत्रिका छापणारे एक काका आहेत. ऐन लगीनसराईत एसटी स्टँडवर त्यांचा फोन मारला गेला. गिऱ्हाइकांचा मजकूर, फोटो, प्रूफ, सगळं जीमेलवर. दुकानातल्या कॉम्प्युटरवर पासवर्ड टाकला, तर पुढे एसएमएसचा कोड मागितला. कोड कशावर येणार? म्हटलं, डुप्लिकेट सिम काढा. तेव्हा कळलं की सिम थोरल्या भावाच्या नावावर आहे आणि भाऊ परगावी. तो आधार घेऊन आला, सिम मिळालं, काकांनी लगेच कोड मागवला. काहीच येईना. पुन्हा मागवला, पुन्हा मागवला, मग गुगलला शिव्या घातल्या. खरं कारण वेगळंच होतं. आपल्याकडे सिम बदललं की फसवणूक टाळण्यासाठी पहिले चोवीस तास त्यावरचे एसएमएस बंद ठेवतात. शेवटी दुसऱ्या दिवशी खातं उघडलं. तोवर एका नवरदेवाच्या घरचे दुसऱ्या छापखान्यात जाऊन आले होते.

बॅकअप कोडचा एक कागद गल्ल्यात असता, तर हे काम दहा मिनिटांचं होतं. आता तिथे तो कागद आहे. आणि हो, ज्या नंबरवर खातं बांधलंय तो नंबर स्वतःच्या नावावर करून घ्या. जुना नंबर रिचार्ज न करता सोडून दिलात, तर काही महिन्यांनी तो कंपनी दुसऱ्याला देते आणि तुमचा कोड परक्याच्या फोनवर वाजतो.

दुसरी चूक माझ्या खास रागातली. कोडची फाइल झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सअॅपवर पाठवायची आणि "दादा, एक प्रिंट द्या" म्हणायचं. प्रिंट तुमच्या हातात, फाइल त्याच्या फोनमध्ये. दहा ओळी आहेत हो, हाताने लिहा! मी निळ्या पेनने लिहितो, वर खात्याचं नाव आणि तारीख टाकतो, पासवर्ड मात्र त्या कागदावर कधीच नाही. एक प्रत रेशनकार्डाच्या फायलीत, दुसरी बहिणीकडे. लॅमिनेशन करू नका, वापरलेल्या कोडवर काट मारता येत नाही.

घाईवाले आणखी एक करतात: कागद सापडला नाही की नवे कोड बनवतात आणि महिन्याने जुना कागद सापडला की त्यावरचेच टाकत बसतात. नवा संच काढला की जुने सगळे कोड बाद होतात. म्हणून तर तारीख लिहायची.

इन्स्टाग्रामचे कोड वेगळे असतात; ते टू-फॅक्टरच्या, म्हणजे तिथल्या टू-स्टेपच्या, पानावर Additional methods मध्ये सापडतील. एसएमएसऐवजी फोनवरच कोड बनवणारं ऑथेंटिकेटर अॅप वापरत असाल आणि त्याचा कोड सारखा चुकीचा ठरत असेल, तर फोनचं घड्याळ ऑटोमॅटिकवर आहे का ते बघा, कारण तो कोड वेळेवरूनच बनतो. नवा फोन घेतलात, तर अॅपमधली खाती आधी त्यावर न्या, मग जुना विका. फोनवरून कोड विचारणारा कोणीही असो, फोन ठेवून द्या.

कागद लिहून झाला की तसाच फायलीत सारू नका. ब्राउझरची इनकॉग्निटो खिडकी उघडा, नाहीतर ओळखीच्या कॉम्प्युटरवर गुगल दुसरी पायरी विचारेलच असं नाही. पासवर्ड टाका, Try another way दाबा, आठ आकडी बॅकअप कोडचा पर्याय निवडा आणि कागदावरचा पहिला कोड टाका. आत गेलात, तर त्यावर काट मारा. नाही गेलात, तर लिहिताना एखादा आकडा चुकलाय. अजून लॉगिन असलेल्या फोनवरून यादी उघडून ताडून बघा.