गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह सतत ठिबकतोय? या चुका टाळा

सगळ्यात घातक चूक आधी सांगतो: ठिबकणाऱ्या तोंडाला एंड कॅप किंवा एम-सील लावून ते बंद करणं. हे तोंड कधीही बंद करू नका. गिझरच्या थंड पाण्याच्या इनलेटवर बसवलेला हा व्हॉल्व्ह पाणी टाकीत जाऊ देतो, पण परत लाइनमध्ये येऊ देत नाही. पाणी तापलं की फुगतं. १५ लिटर पाणी २५ वरून ६५ अंशांवर गेलं की साधारण पाव लिटरने वाढतं. नळ बंद असेल तर त्या पाव लिटरला दुसरी वाट नसते. दाब व्हॉल्व्हवर छापलेल्या आकड्याजवळ, बहुतेक घरगुती गिझरमध्ये ८ बारच्या आसपास, पोचला की आतली स्प्रिंग दबते आणि पाणी बाहेर येतं. हीच वाट बुजवली आणि थर्मोस्टॅटही बिघडला, तर टाकी फुटू शकते.

दुसरी चूक म्हणजे ठिबकताना दिसला की लगेच नवा व्हॉल्व्ह आणणं. आधी व्हॉल्व्हच्या खाली पाण्याचा रिकामा मग ठेवा. २००० वॉटचा १५ लिटरचा गिझर वीस-पंचवीस मिनिटांत तापतो. तेवढ्या वेळात पाव लिटरपर्यंत पाणी जमलं आणि लाल दिवा गेल्यावर ठिबकणं थांबलं, तर व्हॉल्व्ह ठणठणीत आहे. तोंडाला उताराची नळी जोडून तिचं दुसरं टोक मोरीत मोकळं सोडा.

आता एमसीबी बंद करून गिझर रात्रभर गार होऊ द्या. सकाळीही खाली ठेवलेला मग भरत असेल, तर कारण दुसरं आहे. नळाला प्रेशर गेज लावून रात्री, सगळे नळ बंद असताना दाब पाहा. गच्चीवरच्या टाकीपासून दर १० मीटर खाली साधारण १ बार दाब वाढतो, त्यामुळे उंच इमारतीच्या खालच्या मजल्यांवर किंवा प्रेशर पंप असेल तिथे तो सहज ५ बारच्या वर जातो. अशा ठिकाणी नवा व्हॉल्व्हही ठिबकू शकतो. घराच्या मुख्य लाइनवर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवून तो ३ बारवर लावा.

दाब ठीक असेल, तर व्हॉल्व्हच्या आत, तो जिथे घट्ट मिटतो त्या बैठकीवर क्षार किंवा वाळूचा कण अडकलेला असतो. बोअरच्या पाण्यात हे फार होतं. व्हॉल्व्हला दांडी असेल तर गार गिझरवर ती चार-पाच वेळा उचलून सोडा, कण धुऊन जातो. तरीही गळत असेल, दांडी जाम असेल किंवा अंगावर हिरवट-पांढरा थर चढला असेल, तर तो बदला.

बदलताना एमसीबी आणि अँगल कॉक बंद करा, गरम पाण्याचा नळ उघडा. व्हॉल्व्ह काढला की टाकीतलं पाणी खाली येणार, म्हणून बादली ठेवा. नवा व्हॉल्व्ह कंपनीने सांगितलेल्या बारचाच घ्या. ठिबकू नये म्हणून जास्त बारचा आणू नका. व्हॉल्व्हवरचा बाण टाकीकडे ठेवा आणि व्हॉल्व्ह व टाकीच्या मध्ये कुठलाही कॉक लावू नका.

व्हॉल्व्हमधून कढत पाणी किंवा वाफ येऊ लागली, तर थर्मोस्टॅट गेला असं समजून लगेच एमसीबी बंद करा आणि दुरुस्तीपर्यंत गिझर लावू नका.