धुळीची ॲलर्जी असलेल्या घरात सामान निवडताना या चुका टाळा

फरशी स्वच्छ दिसते आणि तरीही सकाळी उठल्या उठल्या शिंकांवर शिंका येतात, अशी तक्रार असेल तर झाडूपेक्षा पलंगाची तपासणी आधी करावी. धुळीतील डस्ट माइट नावाचे सूक्ष्म जीव माणसाच्या त्वचेच्या गळलेल्या कणांवर जगतात. ते कण, ऊब आणि दमटपणा या तिन्ही गोष्टी त्यांना अंथरुणातच मिळतात. त्रास मुख्यतः त्यांच्या विष्ठेतील प्रथिनांचा होत असल्यामुळे हे जीव मारणे पुरेसे नसते, ती घाण धुऊन किंवा पुसून बाहेर काढावी लागते.

आमच्या घरी गालिचा काढला, जाड पडद्यांच्या जागी धुता येतील असे सुती पडदे लावले, तरी मुलीच्या शिंका थांबेनात. शेवटी संशय आला तो पलंगाच्या उशाकडील मखमली, बटणे ओढून शिवलेल्या पाठीवर. अंधारात टॉर्च तिरपा धरून तिच्यावर हलकी थाप मारली, तेव्हा प्रत्येक बटणाच्या खळगीतून धूळ उडताना दिसली. कापड आतून ठोकलेले असल्यामुळे ते काढून धुणे शक्यच नव्हते. तिथे गुळगुळीत लाकडी फळी बसवली. ती आता ओल्या फडक्याने मिनिटभरात पुसून होते.

खोळ काढता येते एवढे पाहून वस्तू घेणे ही दुसरी चूक. डस्ट माइट मरण्यासाठी साधारण ६० अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी लागते. थंड पाण्यात बरीचशी घाण निघते, पण जिवंत माइट बऱ्याच अंशी टिकून राहतात. म्हणून खोळीच्या आतील पट्टीवर केवळ ३० अंशांची किंवा फक्त ड्रायक्लीनिंगची सूचना असेल, तर ती झोपायच्या खोलीसाठी घेऊ नये.

गादीचे कव्हर निवडताना तर हमखास फसगत होते. कोपऱ्यांना इलॅस्टिक असलेले कव्हर सांडलेल्या पाण्यापासून गादी वाचवते, पण खालची बाजू उघडीच ठेवते. गादी सहाही बाजूंनी झाकणारे, घट्ट विणीचे आणि चेन असलेले कव्हर हवे, उशांनाही तसेच. त्यावरची चादर आणि अभ्रे आठवड्यातून एकदा गरम पाण्यात धुवावेत.

खिडकीला आडव्या पट्ट्यांचे ब्लाइंड लावण्याचा मोह टाळावा, कारण प्रत्येक पट्टी म्हणजे धुळीचे एक छोटे फडताळच असते.

एवढे करूनही फरक पडत नसेल, तर खोलीतील आर्द्रता मोजावी. ती सतत ५० टक्क्यांच्या वर राहिली तर माइट पुन्हा वाढतात. पाळीव प्राण्याचा कोंडा किंवा भिंतीवरची बुरशी हे कारण असेल, तर मात्र कव्हर बदलून काही साधणार नाही, त्यासाठी ॲलर्जीची चाचणी करून घ्यावी.