तांब्याच्या पाईपला डाग देताना: गळका एल्बो बदलण्याची रीत

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे आता नवीन घरात तांब्याचा पाईप क्वचितच घालतात. पण छतावरच्या सोलर टाकीपासून न्हाणीपर्यंत आलेली जुनी तांब्याची लाईन अजून बऱ्याच घरांत आहे. तिचा एल्बो ठिबकू लागला की अख्खी लाईन काढून प्लॅस्टिकची घालायचा सल्ला मिळतो. खरं तर एक जोड नीट डाग देऊन बसवला की काम होतं. इथे १५ मिलिमीटर पाईपच्या एल्बोचं उदाहरण घेऊ.

आधी एक गोष्ट पक्की करा: पाईपमध्ये पाण्याचा थेंब राहता कामा नये. आत पाणी असलं की जोड शंभर अंशांच्या वर तापतच नाही, आणि शिसं नसलेली डागाची तार वितळायला साधारण २३० अंश लागतात. कितीही आग लावा, तार नुसती गोळे होऊन खाली पडते. म्हणून लाईन आधी रिकामी करावी लागते. हे काम सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत करावं. दुपारी टाकीतलं पाणी भाजेल इतकं तापलेलं असतं. बॅकअप हीटरचं बटण बंद करा, टाकीचा व्हॉल्व बंद करा आणि न्हाणीतला नळ उघडून लाईन रिकामी होऊ द्या. जुना व्हॉल्व पूर्ण बसत नसेल तर थेंब येतच राहतो. अशा वेळी पावाचा मऊ भाग (कड नको) गोळी करून पाईपात सरकवा. डाग देईपर्यंत तो पाणी अडवतो आणि नंतर विरघळून नळावाटे निघून जातो. फक्त नळाच्या तोंडाची जाळी आधी काढून ठेवा. नळ उघडाच ठेवा, म्हणजे आत वाफ कोंडून जोडातून बाहेर फुटणार नाही.

जुना एल्बो तापवून पक्कडीने ओढून काढा आणि पाईप गरम असतानाच ओल्या फडक्याने जुना डाग पुसा. नवा एल्बो मिलिमीटरच्या मापाचाच घ्या. एसीच्या दुकानातलं इंची फिटिंग डोळ्याला सारखं दिसतं, पण सैल बसतं, आणि सैल जोडात डाग भरत नाही. पाईप आणि फिटिंग यांच्यात केसाएवढी फट असली की डाग आपोआप आत ओढला जातो.

पाईपचं टोक बारीक पॉलिश पेपरने चोहोबाजूंनी चकचकीत होईपर्यंत घासा. एल्बोच्या आतली बाजूही ब्रशने तशीच करा. ती आतून दिसत नाही म्हणून सुटते, आणि गळती बहुधा तिथूनच होते. घासलेल्या जागेला बोट लावू नका, बोटाच्या तेलकटपणानेही डाग धरत नाही. लगेच फ्लक्स, म्हणजे डाग धरायला लावायची पेस्ट, पातळ लावा, एल्बो तळापर्यंत बसवा, थोडा फिरवा आणि बाहेर आलेला फ्लक्स पुसा.

कौलारू घरात वासे जवळ असतील तर मागे पत्रा धरा, भिजवलेलं गोणपाट टाका, बादलीभर पाणी हाताशी ठेवा. टॉर्चची निळी ज्योत एल्बोच्या जाड भागावर फिरवत राहा. तारेवर नाही आणि फ्लक्सवरही नाही. फ्लक्स सळसळून पातळ झाला की ज्योतीच्या विरुद्ध बाजूने तार जोडाला टेकवा. तांब्याच्या उष्णतेने ती विरघळली तर जोड तयार आहे. तसं झालं नाही तर तार मागे घेऊन अजून तापवा. विरघळू लागली की ज्योत बाजूला करा. डाग उष्णतेच्या दिशेने धावतो आणि जोडाभोवती चंदेरी कडी उमटते. तीन मिलिमीटर जाडीची तार असेल तर दीड सेंटीमीटर पुरते. एल्बोचं दुसरं तोंड त्याच तापात करून घ्या.

फ्लक्स काळा पडून धुरायला लागला तर जोड जळाला. वरून डाग ओतून तो दुरुस्त होत नाही; उकलून, घासून, नवा फ्लक्स लावूनच पुन्हा करावा लागतो.

चमक जाऊन डाग घट्ट होईपर्यंत पाईप हलवू नका, पाणीही मारू नका. निवल्यावर ओल्या फडक्याने फ्लक्स पुसा, नाहीतर महिन्याभरात जोड हिरवा होतो. आधी व्हॉल्व थोडा उघडा, कोरडा टिश्यू जोडाखाली फिरवून पाहा. टिश्यू कोरडा राहिला तर पूर्ण उघडा, पाच मिनिटं नळ वाहू द्या आणि ते पाणी पिऊ नका. वाशांकडे अर्ध्या तासाने पुन्हा पाहून या.

ही रीत पाण्याच्या लाईनसाठीच. एसीच्या गॅस पाईपला ४५० अंशांच्या वरचा ब्रेझिंगचा जोड लागतो. त्या पाईपला हा डाग देऊ नका.