फोटोतलं वाळवंट ओळखताना या चुका टाळा

वाळूचा फोटो दिसला की लोक पहिल्या दहा सेकंदांत रंग बघून उत्तर देतात. नारिंगी असेल तर नामिबिया, पिवळी असेल तर सहारा, पांढरी असेल तर अमेरिकेतलं व्हाईट सँड्स. एवढी घाई कशाला? संध्याकाळच्या उन्हात आणि फोनच्या फिल्टरमध्ये कुठलीही वाळू नारिंगी दिसते, म्हणून मी तर रंग सगळ्यात शेवटी बघतो.

ही सवय मला एका चुकीतून लागली. एका मित्राने फोटो पाठवला होता, प्रचंड मोठी लालसर टेकडी आणि तिच्या पायथ्याशी सपाट पांढरी जमीन, आणि मी दोन मिनिटांत लिहून टाकलं की हे सोसुसव्लेई, नामिबिया. फोटो निघाला लिवाचा, म्हणजे अमिरातीत रुब अल खाली या वाळवंटाच्या कडेचा! पुढे तो फोटो मी कितीतरी वेळा उघडून बघितला आणि लक्षात आलं की उत्तर टेकडीत कमी आणि तिच्या खालच्या जमिनीत जास्त होतं.

सोसुसव्लेईजवळच्या डेडव्लेईची पांढरी जमीन चिकणमातीची आहे. त्सौखाब नदीचं पाणी पूर्वी तिथे येऊन साठायचं, मग वाळूने वाट अडवली आणि तळ वाळून कडक झाला, म्हणून तिथे भेगा पडलेली कोरडी माती दिसते आणि शेकडो वर्षांपूर्वी मेलेली बाभळीच्या जातीची काळी झाडं उभी दिसतात. लिवाकडची पांढरी जमीन मात्र मिठाची, तिला सब्खा म्हणतात. तिथे जमिनीखालचं पाणी वरच्या थराच्या इतकं जवळ असतं की ते वर चढून उडून जातं आणि मीठ मागे राहतं, त्यामुळे पापुद्रा फुगतो, बहुकोनी तुकड्यांच्या कडा वर उचलल्या जातात आणि मधेमधे ओलसर काळपट डाग दिसतात. मित्राच्या फोटोत हे सगळं होतं. शिवाय मागे टेकड्यांच्या रांगेत असेच आणखी तीन पांढरे खळगे दिसत होते, तेही मी बघितले नव्हते.

दुसरी खूण घसरणीच्या उताराची. वाऱ्याने माथ्यावर आणलेली वाळू पलीकडच्या बाजूला साधारण ३२ ते ३४ अंशांवर घसरत राहते, तो उतार गुळगुळीत आणि सरळ दिसतो. त्या फोटोत सगळ्या टेकड्यांचे घसरते उतार एकाच बाजूला होते, म्हणजे तिथे एकाच दिशेच्या वाऱ्याचं राज्य, आणि लिवाकडे ते काम उत्तर-वायव्येकडून येणारा शमाल वारा करतो. सोसुसव्लेईच्या मोठ्या टेकड्या बऱ्याचदा ताऱ्यासारख्या असतात, ऋतूप्रमाणे वारा दिशा बदलतो म्हणून एका शिखरापासून तीन-चार धारदार कडा वेगवेगळीकडे उतरतात. पण रुब अल खालीतही तारा-टेकड्या आहेत, त्यामुळे नुसता तारा बघून नामिबिया म्हणू नका, जमीन बघाच.

दुसरी चूक उपग्रहाच्या फोटोंत होते आणि ती बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण दोन मिनिटं थांबलं तर टळते. चंद्रकोरीच्या आकाराची टेकडी दिसली की लोक ती बारखाण म्हणून मोकळे होतात. बारखाणची टोकं वारा जिकडे जातो तिकडे असतात आणि घसरता उतार कोरीच्या आतल्या बाजूला. थरच्या वाळवंटात ज्या पॅराबोलिक टेकड्या आहेत त्यांचं बरोबर उलटं: झुडपांनी हात धरून ठेवलेले, मधला भाग पुढे सरकलेला, म्हणून हात वारा येतो त्या बाजूला, नैऋत्येकडे, आणि घसरता उतार बाहेरच्या फुगवट्यावर. हे उलटं वाचलं तर वाऱ्याची दिशा उलटी निघते आणि थरचा फोटो घेऊन माणूस पेरू देशाच्या किनाऱ्यावरच्या बारखाणांत शोधत बसतो. मी आधी घसरता उतार शोधतो, मग झुडपं, मग कोरीला नाव देतो.

समांतर लाल रांगा आणि त्यांच्यावर गवत-झुडपं दिसली तर सिम्पसन, ऑस्ट्रेलिया आधी तपासा. तिथे मोकाट उंट आहेत, त्यामुळे उंट दिसला म्हणून अरबस्तान ठरत नाही.

पांढऱ्या वाळूत निळी-हिरवी तळी असतील तर ब्राझीलचं लेन्सोइस मारान्येन्सिस, तिथे पाऊस इतका पडतो की ते खरं वाळवंटच नाही.

आणि वाळूच नाही म्हणून वाळवंट नाही, असं कृपया म्हणू नका. सहाराचा मोठा भाग खडकाळ हमादा आणि खड्यांचा रेग आहे, वाळू साधारण पाव भागावरच आहे. लालसर चकचकीत गोट्यांची सपाट जमीन दिसली की मी ऑस्ट्रेलियाच्या गिबर मैदानांशी पहिल्यांदा ताडून बघतो.

जमिनीवरून काढलेल्या एकाच जवळच्या फोटोत वाऱ्याच्या दिशेने लांबलेली टेकडी आणि वाऱ्याला आडवी टेकडी सारखीच दिसते. अशा वेळी मी उत्तर देत नाही, त्याच जागेचा दूरचा किंवा वरून काढलेला फोटो मागतो.